फोटोतला पट्टा नक्की कशाला आधार देतो?

मी अंबरनाथहून बोलतेय. आमच्या भागातल्या बचत गटांचं समन्वयाचं काम मी बघते.

आज मला तुमच्याशी काही फोटोंबद्दल बोलायचंय. आता तुम्ही म्हणाल, रेडिओवर फोटो कसा दाखवणार? तर मी फोटोत काय दिसतं ते सांगत जाते, तुम्ही ते डोळ्यांसमोर आणा. हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे असू द्या.

2024 साली आपल्या राज्यात मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. ज्यांचं वय 65 पूर्ण झालंय आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 2 लाखांच्या आत आहे, अशांच्या बँक खात्यात एकदाच 3000 रुपये जमा करायचे आणि त्यातून त्यांनी आधाराचं साधन विकत घ्यायचं, अशी ही योजना. साधनांच्या यादीत चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, तीन पायांची काठी, घडीचा वॉकर, कमोड खुर्ची आहे, आणि पुढे तीन नावं आहेत: नी ब्रेस, लंबर बेल्ट आणि सर्वायकल कॉलर. नी म्हणजे गुडघा, लंबर म्हणजे कंबर आणि सर्वायकल म्हणजे मान. यादीत एवढंच लिहिलंय. पण गुडघ्याचे पट्टे दुकानात चार तऱ्हांचे मिळतात, कॉलर दोन तऱ्हांच्या. त्यातला कुठला घ्यायचा, ते यादीत नाही.

योजनेतून घ्या नाहीतर घरच्या पैशांतून, खरेदी आता कशी होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. मुलगा किंवा भाचा उल्हासनगरला नाहीतर कल्याणला दुकानात जातो, तिथून मोबाईलवर फोटो पाठवतो आणि विचारतो, "हेच ना?" घरात कोणाला कळत नाही. मग तो फोटो आमच्या गटावर येतो, "ताई, हे काय आहे? घेऊ का?"

असाच एक फोटो मला उशिरा दाखवला गेला. त्याचीच गोष्ट आधी सांगते.

आमच्या गटातल्या एक मावशी आहेत. वय 68. आयुष्य भातशेतीत गेलं, लावणीला वाकून वाकून गुडघे झिजले. डॉक्टरांनी तपासून संधिवात सांगितला आणि चालताना गुडघ्याला आधार लावा म्हणाले. भाच्याने दुकानात "नी ब्रेस द्या" म्हणून मागितलं. दुकानदाराने दिलं. फोटो आला, मावशींनी हो म्हटलं, वस्तू घरी आली. पावतीवर "नी ब्रेस" असंच लिहिलेलं.

तो फोटो असा होता. निळ्या जाड कापडाची एक लांब पट्टी टेबलावर सपाट पसरलेली. लहान मुलाच्या अंथरुणासारखी. तिच्यावर आडवे पाच पट्टे, चिकटणारे, वेल्क्रोचे. मधोमध एक गोल भोक. आणि कापडाच्या आत उभ्या शिवणी, त्यांच्या खिशांत काहीतरी कडक घातलेलं.

मावशींनी तो पट्टा बांधला, तो मांडीच्या मध्यापासून थेट घोट्याच्या वरपर्यंत आला. पाय काठीसारखा सरळ. गुडघा वाकेना. मावशींना वाटलं, असाच असणार, म्हणूनच आराम पडतो. आणि दुखणं खरंच थोडं कमी झालं, कारण गुडघा हलतच नव्हता. तीन आठवडे त्यांनी तो दिवसरात्र बांधला. एके दिवशी सरळ पाय उंबऱ्याला अडखळला आणि त्या पडल्या. नशिबाने हाड मोडलं नाही. पण पट्टा सोडल्यावर कळलं की गुडघा आता निम्मासुद्धा वाकत नाही, आणि दुसऱ्या मांडीपेक्षा ती मांडी हाताला बारीक लागते.

मी त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंनी पट्टा हातात घेतला आणि विचारलं, "हाड मोडलं होतं का? ऑपरेशन झालं होतं का?" आम्ही नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग हा कशाला बांधला? हा गुडघा वाकू नये म्हणून असतो."

त्याला नी इमोबिलायझर म्हणतात. गुडघ्याची वाटी फुटली, आतला बंध तुटला, ऑपरेशन झालं, तर ठराविक दिवस पाय सरळ ठेवायला डॉक्टर तो देतात. वस्तू चांगलीच आहे, पण काम वेगळं. संधिवाताचा गुडघा वाकत राहायला हवा. तो बांधून ठेवला की सांधा आखडतो आणि मांडीचा स्नायू बारीक होतो. गुडघ्याला खरा आधार तर त्या मांडीच्या स्नायूचाच असतो.

त्या दिवशी त्या ताईंनी आम्हाला फोटो वाचायला शिकवलं. त्या म्हणाल्या, नाव बघू नका, तीन गोष्टी बघा. ही वस्तू कुठून कुठपर्यंत जाते? तिच्यात कडक काय आहे? आणि ते कडक वाकतं का?

या तीन प्रश्नांनी आता गुडघ्याचे चार फोटो बघू.

पहिला फोटो. मोज्यासारखी नळी, तळ आणि टाच नसलेली. बहुधा दोन एकत्र. कडक काहीच नाही, ताणली की ताणते. ही नी कॅप. ती गुडघ्याला ऊब देते, हलका दाब देते, आणि गुडघा धरून ठेवल्यासारखा वाटतो. चालताना दुखणाऱ्या गुडघ्याला त्याने बरं वाटतं. पण गुडघा बाजूला कलत असेल तर ती त्याला अडवू शकत नाही. मोजा कधी सांध्याला अडवेल का?

दुसरा फोटो. तशीच नळी, पण समोर गोल भोक आणि भोकाभोवती जाड कडं, पाण्याच्या घागरीखालच्या चुंबळीसारखं. हे कडं गुडघ्याच्या वाटीभोवती बसतं आणि वाटी जागेवर ठेवायला मदत करतं. पायऱ्या उतरताना वाटीच्या मागे दुखतं, वाटी सरकल्यासारखी वाटते, तिथे हा दिला जातो.

तिसरा फोटो. मांडीच्या खालच्या भागापासून पोटरीच्या वरच्या भागापर्यंत येणारा पट्टा. दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, आणि गुडघ्याच्या जागी प्रत्येक बाजूला एक गोल चकती. ती चकती म्हणजे बिजागरी. दाराची बिजागरी दाराला एकाच दिशेने उघडू देते, वरखाली हलू देत नाही. तसंच इथे. गुडघा पुढेमागे वाकतो, पण डावीउजवीकडे कलत नाही. चालताना गुडघा बाजूला निसटतो, भरवसा वाटत नाही, त्यांच्यासाठी हा. मात्र वाकडे झालेले पाय याने सरळ होत नाहीत. आधार पट्टा बांधलेला असेपर्यंतच असतो.

आणि चौथा, मावशींचा. लांब, सरळ पट्ट्या, बिजागरी नाही.

म्हणजे तिसऱ्यात आणि चौथ्यात ओळखायची खूण एकच: गोल चकती. कडक पट्टी आहे आणि गुडघ्यापाशी चकती आहे, तर तो वाकणारा. कडक पट्टी आहे पण चकती कुठेच नाही आणि लांबी घोट्याजवळ जाते, तर तो न वाकणारा. मधल्या भोकावर जाऊ नका. भोक दोन्हींत असू शकतं, मावशींच्या पट्ट्यालाही होतं. आणि हो, लंबर बेल्टही टेबलावर पसरला की असाच दिसतो, आत पट्ट्या आणि वेल्क्रो. पण तो एकाच रुंद पट्ट्याने समोर पोटावर बंद होतो, त्याला पाच आडवे पट्टे नसतात.

मावशींची फसगत आणखी एका कारणाने झाली. फोटोत वस्तू सपाट पसरलेली होती, कोणाच्या पायावर नव्हती. त्यामुळे लांबी कळलीच नाही. म्हणून आता आमच्या गटात आम्ही दुकानातून तीन फोटो मागतो. एक समोरून, एक बाजूने, कारण बिजागरी बाजूनेच दिसते, आणि एक कोणाच्या तरी अंगावर घातलेला. माणूस नसेल तर खोक्यावरच्या चित्राचा. खोक्यावर मापाचा तक्ताही असतो. गुडघ्याच्या मध्यावर मोजायचं की त्याच्या वर, ते त्यावर लिहिलेलं असतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. तिथे सांगितलेल्या जागीच टेपने मोजा आणि आकडा भाच्याला कळवा. ब्लाऊजच्या मापासारखं "मीडियम आण" म्हणून भागत नाही.

पट्टा बांधल्यावर त्याखाली एक बोट जायला हवं. पायाची बोटं काळीनिळी पडली, मुंग्या आल्या, तर लगेच सैल करा. आणि एकच पोटरी सुजून गरम झाली आणि दुखायला लागली, तर पट्टा सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

आता मानेकडे येऊ.

कॉलरचे फोटो दोन तऱ्हांचे येतात. एकात जाड स्पंजची पट्टी, वर कापडाचं आवरण, मागे वेल्क्रो. पट्टी समोर एका जागी खाली दबलेली असते. तो दबलेला भाग म्हणजे हनुवटीची जागा. ही मऊ कॉलर. ती मान पूर्ण थांबवत नाही. मान वळवायला गेलं की अंगाला आठवण होते, जपून. आणि थोडं वजन हनुवटीखाली घेते, त्यामुळे ताणलेल्या स्नायूंना विसावा मिळतो.

दुसऱ्या फोटोत दोन कडक भाग असतात, पुढचा आणि मागचा, बाजूंना पट्ट्यांनी जोडलेले. पुढच्या भागाला हनुवटी टेकवायचा कट्टा असतो आणि कंठासमोर मोठं भोक. ही मानेला मार लागल्यावर किंवा ऑपरेशननंतर, मान हलू नये म्हणून देतात. इथेही तोच प्रश्न, कडक काय आहे? काहीच नसेल तर विसाव्याची, कडक कवच असेल तर जखमेची. जखमेची कॉलर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय विकत घेऊ नका, आणि त्यांनी घातलेली असेल तर आपल्या मनाने काढूही नका.

मऊ कॉलर घालताना मी दोन चुका नेहमी बघते. एक म्हणजे उलटी घालतात, दबलेला भाग खाली किंवा मानेच्या मागे. दुसरी म्हणजे फार उंच घेतात. आरशात बघा. नजर समोर सरळ राहिली तर उंची बरोबर. तोंड छताकडे वळलं तर कॉलर उंच आहे, आणि मान मागे ढकलली गेल्याने दुखणं वाढेल.

आणि ती महिनोन्महिने घालायची वस्तू नाही. दुखणं जास्त असेल तेव्हा थोडे दिवस, दिवसातले काही तास. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर झोपताना काढून ठेवा. सतत घातली की मानेचे स्नायू डोकं पेलायचं विसरतात, गुडघ्याच्या मांडीसारखंच. आणि कॉलर घालून डोक्यावर हंडा किंवा लाकडाची मोळी घेऊ नका. वरून येणारं ओझं ती अडवत नाही, ते मणक्यांवरच जातं.

मान दुखण्यासोबत हातातून भांडी निसटायला लागली, ब्लाऊजचे हुक लावता येईनात, चालताना तोल जायला लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर फोटो बघत बसू नका. आत नस दबत असेल तर कॉलरने ती सुटत नाही. लगेच दवाखान्यात जा. आणि कोणी गाडीवरून किंवा झाडावरून पडलं आणि मान दुखतेय म्हणालं, तर त्याला उठवून कॉलर घालायचा प्रयत्न करू नका. आहे तसं पडून राहू द्या, डोकं हलू देऊ नका आणि 108 ला फोन करा.

आता काठ्या. इथे फोटोत जमिनीला टेकणारे पाय मोजायचे.

एक पाय असेल तर साधी काठी. एका दांड्याखाली तीन किंवा चार छोटे पाय असतील तर ती ट्रायपॉड किंवा चार पायांची काठी. दोन्ही हातांनी धरायची चौकट असेल तर वॉकर. काठी पायाचा थोडा भार घेते आणि तोल सांभाळते. तीन-चार पायांची काठी जास्त भार घेते आणि हात सोडला तरी उभी राहते. वॉकर दोन्ही पायांचा भार वाटून घेतो.

तर मग जास्त पाय तेवढं चांगलं, असं वाटेल. घरात, फरशीवर ते खरं आहे. पण आपल्याकडे अंगण शेणाने सारवलेलं, पुढे बांध, पुढे खडीचा रस्ता. तीन पायांच्या काठीचे तिन्ही पाय एकाच वेळी जमिनीला टेकले नाहीत तर ती डगमगते आणि आपल्यालाच पाडते. खडबडीत वाटेवर चांगलं रबर असलेली साधी काठी जास्त भरवशाची. म्हणून घेण्याआधी स्वतःला विचारा, मी ही कुठे वापरणार?

चार पायांच्या काठीचा तळ नीट बघा. एका बाजूचे पाय दांड्याच्या जवळ असतात, दुसऱ्या बाजूचे लांब पसरलेले. पसरलेली बाजू अंगापासून लांब, बाहेर ठेवायची. आत ठेवली तर आपलाच पाय त्यात अडकतो. बहुतेक काठ्यांचा दांडा फिरवून डाव्याउजव्या हाताला लावता येतो.

आता एक गोष्ट जी फोटोत कधी दिसत नाही: काठी कुठल्या हातात धरायची? मावशी दुखऱ्या गुडघ्याच्याच बाजूला धरायच्या. जवळजवळ सगळेच तसं करतात. पण काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी. उजवा गुडघा दुखतो, तर काठी डाव्या हातात. उजवा पाय आणि काठी एकदम पुढे टाकायची. मग भार दोघांत वाटला जातो. दुखऱ्या बाजूलाच धरली की आपण त्या बाजूला कलतो आणि भार पुन्हा दुखऱ्या गुडघ्यावरच येतो.

उंचीसाठी चप्पल घालून सरळ उभ्या राहा, हात मोकळा सोडा. मनगटावर जिथे आडवी रेघ असते, तिथे काठीची मूठ यायला हवी. मग मूठ धरल्यावर कोपर जरासा वाकलेला राहतो. काठीला भोकं असतात आणि आत दाबायचं बटण असतं, त्याने उंची बदलते. बटण भोकातून पूर्ण बाहेर आलंय का, बोट फिरवून बघा. वॉकरचे चारही पाय एकाच भोकावर हवेत. टोकाचं रबर महिन्यातून एकदा उलटं करून बघा. खाचा झिजून गुळगुळीत झालं असेल तर बदला, नाहीतर ओल्या फरशीवर काठीच घसरते.

आणि पायऱ्या. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात गाभारा खाली आहे. दर्शनाला पायऱ्या उतरून जावं लागतं. मावशींना तिथे जायचं होतं, तेव्हा फिजिओथेरपीच्या ताईंनी त्यांना एक ओळ पाठ करायला लावली: चढताना चांगला आधी, उतरताना दुखरा आधी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खालच्या पायरीवर, मग चांगला. चढताना चांगला पाय वर, मग दुखरा आणि काठी. कारण अंग उचलायचं आणि हळूच खाली सोडायचं काम वरच्या पायरीवरचा पाय करतो, आणि तो चांगला असायला हवा.

मावशींचं पुढे काय झालं ते सांगते. तो लांब पट्टा काढून ठेवला. दुकानदाराने परत घेतला नाही, कारण तो वापरलेला होता. बिजागरीचा पट्टा लागेल का, तेही ताईंनी तपासलं. मावशींचा गुडघा बाजूला कलत नव्हता. त्यांना साधी नी कॅप पुरली, आणि डाव्या हातात काठी. सोबत रोज खाटेवर पाय सरळ ठेवून मांडी घट्ट करायची, थोडं थांबायचं, सोडायचं. गुडघा पुन्हा वाकायला दोन महिन्यांच्या वर लागले. अजून त्या मांडी घालून बसत नाहीत, पण स्टुलावर बसून भाजी निवडतात, आणि गाभाऱ्यात उतरून दर्शन घेऊन आल्या.

योजनेच्या पैशांतून घेणाऱ्यांसाठी एक शेवटची सूचना. पैसे खात्यात आल्यावर 30 दिवसांच्या आत खरेदीची पावती पोर्टलवर चढवायची असते. पावतीवर नुसतं "नी ब्रेस" लिहून घेऊ नका. बिजागरीचा, नळीचा, जे असेल ते साधनाच्या नावापुढे लिहायला सांगा. योजनेची आत्ताची स्थिती आणि अर्ज याबद्दल ठाण्याच्या समाज कल्याण कार्यालयात विचारा.

आणि उद्या गटावर फोटो आला, तर "हो, हेच" म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारा. कुठून कुठपर्यंत? कडक काय? ते वाकतं का? उत्तर फोटोत दिसत नसेल, तर दुसरा फोटो मागवा.

येते मी. नमस्कार.